फोन फॅक्टरी रीसेट केल्यावर इअरबड्स यादीत दिसत नाहीत. केसचे बटण नेमके कसे दाबावे?

चोडणची_अनघा

नमस्कार. माझा अँड्रॉइड फोन गेले काही महिने फारच अडखळत होता, म्हणून शनिवारी सर्व फोटो दुसरीकडे उतरवून घेऊन तो फॅक्टरी रीसेट केला. फोन आता व्यवस्थित चालतो, पण माझे इअरबड्स ब्लूटूथच्या यादीत येतच नाहीत. पूर्वी केसचे झाकण उघडले की दोन क्षणांत ते फोनला जोडले जात. आता झाकण उघडले की केसवरचा दिवा थोडा वेळ पेटतो आणि विझतो. `Pair new device` या पानावर शेजाऱ्यांचा टीव्ही आणि कोणाचे तरी घड्याळ दिसते, पण माझे इअरबड्स दिसत नाहीत. केसच्या मागच्या बाजूला एक छोटे बटण आहे. ते दोन-तीन वेळा दाबून पाहिले, पण काही घडले नाही. माहितीपुस्तिका सापडत नाही. रोज रायबंदरहून चोडणला फेरीबोटीने येता-जाता मी हेच वापरते, त्यामुळे अडचण मोठी झाली आहे. हे बटण किती वेळा आणि किती वेळ दाबायचे असते, ते कोणी नीट सांगू शकेल का?

निवृत्त_मास्तर

अनघाताई, माझ्या मुलाच्या इअरबड्सना हाच त्रास झाला होता. इअरबड्स रीसेट केल्यावर फोनमध्ये जुनी नोंद शिल्लक राहते आणि ती आड येते. फोनच्या ब्लूटूथ सेटिंगमध्ये जाऊन इअरबड्सच्या नावापुढील चक्रावर बोट ठेवा आणि `Forget` करा, म्हणजे मार्ग मोकळा होईल.

चोडणची_अनघा

मास्तर, आभारी आहे, पण मी रीसेट फोन केला आहे, इअरबड्स नव्हे. फोनमधील सर्व जुन्या नोंदी पुसल्या गेल्या आहेत, त्यामुळे `Forget` करण्यासाठी यादीत नावच उरलेले नाही.

पेडण्याचा_गणेश

बटण दाबण्याची काहीच गरज नसते. दोन्ही बड केसमध्ये ठेवून झाकण बंद करा, थोडे थांबा आणि उघडा, ते आपोआप पेअरिंगमध्ये जातात. मी नवीन घेतले तेव्हा तसेच झाले होते, एकदाही बटणाला हात लावावा लागला नाही.

दुरुस्तीवाला_फोंडा

गणेश यांनी सांगितलेले नव्या कोऱ्या इअरबड्सबाबत खरे आहे, कारण त्यांच्या स्मृतीत एकाही फोनची नोंद नसते आणि झाकण उघडताच ते स्वतःला सर्वांसमोर जाहीर करतात. अनघाताईंचे इअरबड्स मात्र वापरलेले आहेत, आणि सारी अडचण तिथेच आहे.

ब्लूटूथची जोडणी ही दोन्ही बाजूंनी राखलेली ओळख असते. पहिल्यांदा पेअर करताना फोन आणि इअरबड्स मिळून एक गुप्त किल्ली तयार करतात आणि ती दोघांकडेही जतन होते. तुम्ही फोन रीसेट केला तेव्हा फोनकडची किल्ली गेली, पण इअरबड्सना त्याचा पत्ताच नाही. झाकण उघडले की ते आपल्या ओळखीच्या फोनला हाक मारतात. रीसेटने फोनचा ब्लूटूथ पत्ता बदलत नसल्यामुळे ती हाक योग्य दारी पोहोचतेसुद्धा, पण फोनकडे किल्ली नसल्याने जोडणी होत नाही. शिवाय ज्यांच्याकडे आधीच एखाद्या फोनची नोंद आहे असे बरेचसे इअरबड्स अनोळखी उपकरणांना आपले नाव सांगत नाहीत. फोनची `Pair new device` यादी मात्र फक्त नाव सांगणाऱ्यांचीच असते. म्हणून तुमचे इअरबड्स यादीत दिसत नाहीत. यात फोन बिघडलेला नाही आणि इअरबड्सही बिघडलेले नाहीत. बटणाचे काम एवढेच की इअरबड्सना सांगायचे, ‘आता जुन्या फोनची वाट पाहू नका, सर्वांना नाव सांगा.’

ते करण्याआधी एक चाचणी अवश्य करा. घरातील असा एखादा फोन घ्या, ज्याला हे इअरबड्स कधीही जोडलेले नाहीत, आणि त्याची यादी उघडा. त्यातही नाव दिसले नाही, तर इअरबड्स गप्प आहेत हे नक्की. त्यात दिसले आणि तुमच्या फोनमध्ये दिसले नाही, तर शोध फोनमध्ये घ्यायला हवा. या एका चाचणीमुळे निम्मी धडपड वाचते.

चोडणची_अनघा

आईच्या फोनमध्ये पाहिले. त्यातही दिसत नाहीत. म्हणजे इअरबड्स गप्प आहेत असे समजते. आता बटणाचे सांगा.

दुरुस्तीवाला_फोंडा

दोन्ही बड केसमध्ये बसवा, झाकण उघडेच ठेवा आणि बटण सलग दाबून धरा. तुम्ही आधी बहुधा दाबून लगेच सोडले असेल. तशा दाबण्याने बऱ्याच केस फक्त चार्जिंगची पातळी दाखवतात. पुष्कळ कंपन्यांच्या केसमध्ये सुमारे 3 सेकंद धरल्यावर पांढरा किंवा निळा दिवा लुकलुकू लागतो आणि ती पेअरिंगची खूण असते. तोच हात पुढे 10 सेकंद किंवा त्याहून अधिक ठेवला तर दिव्याचा रंग बदलतो आणि इअरबड्सची स्वतःची सर्व स्मृती पुसली जाते. सेकंद प्रत्येक मॉडेलमध्ये वेगळे असतात, म्हणून घड्याळापेक्षा दिव्याकडे लक्ष ठेवा आणि तो लुकलुकू लागताच बोट उचला. प्रथम छोटेच दाबून पाहा. त्याने दार उघडते आणि काही पुसले जात नाही. लांब दाबणे हा नंतरचा उपाय आहे.

आणखी एक गोष्ट लोकांकडून हमखास चुकते, ती क्रमाची. पुष्कळजण फोनची यादी आधी उघडून ठेवतात आणि मग केसशी झटापट करतात. अँड्रॉइड फोनचा शोध साधारण 12 सेकंद चालतो आणि थांबतो; त्यानंतर पान उघडे दिसले तरी नवे नाव येईलच असे नाही. म्हणून आधी दिवा लुकलुकू द्या, मगच `Pair new device` उघडा. पान आधीपासून उघडे असेल तर मागे जाऊन पुन्हा उघडा. इअरबड्ससुद्धा काही मिनिटेच नाव सांगत राहतात आणि मग पुन्हा गप्प होतात, त्यामुळे मध्येच चहाला उठू नका.

मीनाक्षी_काणकोण

मध्येच विचारते, क्षमा असावी. माझ्या केसला बटणच नाही. माझ्याकडचे इअरबड्स आधी दिवाणखान्यातील टीव्हीला जोडलेले होते आणि आता नव्या फोनमध्ये दिसत नाहीत. मी काय दाबावे?

दुरुस्तीवाला_फोंडा

मीनाक्षीताई, बटण नसलेल्या बऱ्याच इअरबड्समध्ये दोन्ही बड कानात घालून किंवा हातात घेऊन त्यांच्या स्पर्शाच्या जागेवर एकाच वेळी काही सेकंद बोट ठेवायचे असते, आणि पेअरिंग सुरू झाल्याचा सूर ऐकू येतो. पण तुमच्याकडे मुख्य संशय टीव्हीवर आहे. इअरबड्स केसबाहेर येताच टीव्ही त्यांना आपल्याकडे ओढून घेत असेल, आणि एका उपकरणाला जोडलेले असताना बहुतेक इअरबड्स दुसऱ्याच्या यादीत येत नाहीत. टीव्ही रिमोटने बंद करून भागत नाही, कारण तसा बंद टीव्ही अनेकदा आतून जागाच असतो. भिंतीवरचे बटण बंद करा आणि मग प्रयत्न करून पाहा.

चोडणची_अनघा

मोठी प्रगती झाली आहे. झाकण उघडे ठेवून बटण धरले. मनात तीन मोजून होताच पांढरा दिवा लुकलुकू लागला. मग यादी उघडली आणि चार-पाच सेकंदांत नाव आले. त्यावर बोट ठेवले, जोडणी झाली, गाणेही लागले, पण आवाज फक्त उजव्या कानात येतो. डावा बड पूर्ण मुका आहे. यादीत त्याच नावाची आणखी एक नोंद दिसते आहे, तिच्या आधी `LE_` अशी अक्षरे आहेत. तीही जोडायची असते का?

पेडण्याचा_गणेश

होय, दुसरे नावही जोडा. डाव्या-उजव्याची दोन नावे असतात, दोन्ही जोडली की दोन्ही कानांत आवाज येतो. माझ्या भावाच्या जुन्या इअरबड्सचे असेच होते.

दुरुस्तीवाला_फोंडा

गणेश, भावाच्या जुन्या इअरबड्सबाबत तुमचे बरोबर असेल. काही जुन्या मॉडेलमध्ये दोन्ही बड वेगवेगळ्या नावांनी दिसत आणि शेवटी L आणि R अशी अक्षरे असत. ताईंना दिसणारी `LE_` नोंद मात्र डाव्या बडची नाही. कंपनीच्या ॲपशी बोलण्यासाठी, म्हणजे चार्जिंगची पातळी दाखवणे वगैरे कामांसाठी, जी कमी विजेची वाट असते तिची ती नोंद असते. ती सेटिंगमधून जोडली तर बहुधा आवाज येतच नाही आणि गोंधळ मात्र वाढतो. अनघाताई, तिला हात लावू नका.

एक कानी आवाज येण्याचे कारण वेगळे आहे. या प्रकारात दोन्ही बड आधी एकमेकांशी जोडी जमवतात आणि मग फोनसमोर एका नावाने उभे राहतात. तुमच्याकडे ती जोडी सुटली आहे किंवा डाव्या बडपर्यंत आज्ञाच पोहोचलेली नाही. आता बटण लांब दाबून, म्हणजे दिव्याचा रंग बदलेपर्यंत धरून, दोघांची स्मृती पुसून घ्या. मात्र त्याआधी मास्तरांनी सांगितलेले काम करा: आता फोनमध्ये नोंद आहे, ती `Forget` करा. ते केले नाही आणि इअरबड्स पुसले, तर या वेळी उलट घडेल. किल्ली फोनकडे राहील आणि इअरबड्सकडची जाईल. मग नाव जतन केलेल्या यादीत दिसत राहील, पण जोडणी होणार नाही.

निवृत्त_मास्तर

माझा सल्ला एक पायरी आधीच दिला गेला होता असे दिसते. त्याची जागा आता आली, याचे समाधान आहे.

चोडणची_अनघा

आज सकाळी आपण सांगितल्याप्रमाणे केले. आधी `Forget` केले, मग बटण धरून ठेवले. दिवा प्रथम पांढरा लुकलुकला आणि दहा मोजण्याच्या सुमारास लाल होऊन तीन वेळा चमकला. पुन्हा पेअर केले. तरीही फक्त उजवा. आता मला वाटू लागले आहे की डावा बड कायमचा गेला.

दुरुस्तीवाला_फोंडा

इतक्यात तसा निष्कर्ष काढू नका. एक बारीक मुद्दा लक्षात घ्या: बटण केसमध्ये आहे, पण ब्लूटूथ बडमध्ये आहे. तुम्ही बटण दाबता तेव्हा केस ती आज्ञा हवेतून पाठवत नाही. बड ज्या पिनांवर बसून चार्ज होतो त्याच पिनांमधून ती बडपर्यंत जाते. डावा बड पिनांना नीट टेकत नसेल, तर केसचा दिवा लाल चमकेल, उजवा बड पुसला जाईल आणि डाव्याला त्यातले काहीच कळणार नाही. तो जुनीच स्मृती घेऊन बसलेला राहील, आणि पुसलेला उजवा त्याला ओळखणार नाही. दिवा केसचा असतो, त्यामुळे केसने आज्ञा दिली एवढेच तो सांगतो. दोघांनी ती ऐकली याची ग्वाही देत नाही.

तीन गोष्टी पाहून सांगा. डाव्या बडची चार्जिंग पातळी केसमध्ये ठेवल्यावर वाढते का? डावा बड केसमध्ये असतानाच आपोआप चालू झाल्यासारखा वाटतो का? आणि उजेडात धरून पाहिल्यास डाव्या कप्प्यातल्या सोनेरी पिना आणि बडवरच्या ठिपक्यांचा रंग उजव्या बाजूसारखाच आहे का?

चोडणची_अनघा

विजेरी लावून पाहिले. उजव्या कप्प्यातील दोन्ही पिना चकचकीत आहेत. डाव्या कप्प्यातील एका पिनेच्या टोकाशी हिरवट, भुकटीसारखा थर जमला आहे आणि बडवरच्या ठिपक्यावर काळसर डाग आहे. पिनेला हलकेच दाबले तर ती आत जाते, पण परत वर यायला वेळ लावते. काल रात्री दोन्ही बड केसमध्ये ठेवले होते. सकाळी उजवा 100 टक्के होता आणि डावा 20 टक्के. हे माझ्या आधी का लक्षात आले नाही, याचे वाईट वाटते.

दुरुस्तीवाला_फोंडा

हेच कारण. वाईट वाटून घेऊ नका, आपल्याकडे पावसाळ्यात हे मी फार वेळा पाहतो. कानातला घाम, खारा वारा आणि दिवसचे दिवस न वाळणारी हवा यांमुळे पिनेवरचा सोन्याचा पातळ मुलामा एकदा झिजला की खालच्या तांब्याच्या मिश्रधातूवर हिरवा थर चढतो. फेरीबोटीतून उतरल्यावर ओलसर बड तसेच केसमध्ये टाकले आणि झाकण लावले तर ती ओल आत कोंडून राहते. चार्जिंगची वीज वाहत असताना ओल असली की गंजणे अधिक वेगाने होते.

औषधाच्या दुकानातून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा, 99 टक्क्यांचे मिळाल्यास उत्तम. कान साफ करण्याची कापसाची काडी त्यात बुडवून पिळून घ्या, म्हणजे ती फक्त ओलसर राहील आणि थेंब गळणार नाहीत. केस उलटी धरा, म्हणजे निघालेली भुकटी आत न जाता खाली पडेल. पिनेच्या टोकावर काडी गोल फिरवा आणि पिन काडीनेच चार-पाच वेळा आत-बाहेर करा. त्याने अडकलेली पिन बहुधा सुटते. बडवरचे ठिपकेही तसेच पुसा, पण आवाजाच्या जाळीला अल्कोहोल लागू देऊ नका. सुई, ब्लेड, लिंबू, व्हिनेगर यांपैकी काहीही वापरू नका. सुईने मुलाम्याचा उरलेला भागही निघून जातो आणि आंबट पदार्थ आत झिरपून पुढे गंज वाढवतात. नंतर केस उघडी ठेवून पंख्याखाली वीस मिनिटे वाळू द्या.

त्यानंतर लगेच बटण दाबू नका. डावा बड केसमध्ये किमान अर्धा तास ठेवा आणि त्याची पातळी चढते का ते पाहा. चढली तर वीज पोहोचते आहे, आणि जिथून वीज पोहोचते तिथूनच आज्ञाही पोहोचेल. शिवाय बॅटरी फार उतरलेली असताना काही इअरबड्स रीसेट स्वीकारतच नाहीत.

वास्को_हर्षद

हा विषय निघालाच आहे तर माझ्यासारख्यांसाठी लिहून ठेवतो. मी एअरपॉड्स वापरतो आणि तिथे खुणा थोड्या वेगळ्या आहेत. बटण असलेल्या केसमध्ये दोन्ही बड आत ठेवून, झाकण उघडून मागचे बटण धरले की सुमारे पाच सेकंदांत पांढरा दिवा लुकलुकतो, तेव्हा ते अँड्रॉइड फोनच्या यादीतही येतात. रीसेटसाठी सुमारे 15 सेकंद, दिवा प्रथम पिवळसर आणि मग पांढरा लुकलुकेपर्यंत धरावे लागते. 2024 मध्ये आलेल्या एअरपॉड्स 4 च्या केसला बटणच नाही. तिथे झाकण उघडून, दिवा चालू असताना केसच्या पुढच्या बाजूवर दोनदा टिचकी मारायची असते. माझ्या बहिणीने मागे बटण शोधण्यात एक संध्याकाळ घालवली, म्हणून मुद्दाम सांगितले.

मीनाक्षी_काणकोण

टीव्हीचे भिंतीवरचे बटण बंद केले आणि दोन्ही बडवर बोटे धरली. सूर वाजला आणि फोनला जोडणी झाली. पण आज सकाळी टीव्ही सुरू होता, केस उघडली आणि ते पुन्हा टीव्हीकडे गेले. टीव्हीच्या यादीतून नाव काढायचा पर्याय मला सापडत नाही.

दुरुस्तीवाला_फोंडा

मीनाक्षीताई, टीव्हीच्या सेटिंगमध्ये रिमोट आणि इतर उपकरणांचा जो भाग असतो, त्यात इअरबड्सच्या नावावर जाऊन पाहा. प्रत्येक टीव्हीत ही जागा वेगळी असते, त्यामुळे मॉडेल पाहिल्याशिवाय मी नेमके सांगू शकत नाही. दुसरी बाजू अशी की इअरबड्स पूर्ण रीसेट केल्यास त्यांच्याकडची टीव्हीची किल्ली जाईल. मग टीव्हीने हाक मारली तरी ते दाद देणार नाहीत. मात्र तुमच्या मॉडेलचा रीसेट ॲपमधून होतो की स्पर्शाने, ते आधी तपासा.

चोडणची_अनघा

सर्वांना कळवण्यास आनंद वाटतो की दोन्ही कानांत आवाज आला. काल संध्याकाळी सांगितल्याप्रमाणे पिना पुसल्या. कापसाची पहिली काडी हिरवी झाली, दुसरी करडी आणि तिसरी जवळजवळ पांढरी निघाली. पिन आता दाबली की लगेच वर येते. अर्ध्या तासात डावा बड 20 वरून 45 टक्क्यांवर गेला, आणि तेव्हाच मला धीर आला. मग फोनमधील नोंद पुन्हा `Forget` केली, झाकण उघडे ठेवून लाल दिवा येईपर्यंत बटण धरले, सोडले, झाकण बंद करून थोडे थांबले. पुन्हा उघडून तीन सेकंद धरले, पांढरा दिवा लुकलुकू लागल्यावरच यादी उघडली. एकच नाव आले, त्यावर बोट ठेवले आणि डाव्या कानात प्रथम जोडणीचा सूर वाजला. आईच्या फोनवरही जोडून पाहिले, तिथेही दोन्ही बाजू चालतात. दुरुस्तीवाला दादा, देव बरे करो.

एक शंका उरते. पूर्ण चार्ज करूनही डावा बड उजव्यापेक्षा जवळपास तासभर आधी संपतो. हेही पिनांमुळेच असेल का?

दुरुस्तीवाला_फोंडा

फार आनंद झाला. शंकेचे उत्तर मी खात्रीने देऊ शकत नाही. डावा बड अनेक दिवस अर्धवट चार्ज होत राहिला असेल आणि पुनःपुन्हा तळाला गेला असेल, तर त्याच्या बॅटरीची झीज झालेली असू शकते आणि ती साफसफाईने भरून निघत नाही. दुसरी शक्यता अशी की बोलण्यासाठी तुम्ही डाव्या बडचा माइक जास्त वापरता, तेव्हा त्याला काम अधिक पडते. आठवडाभर फक्त गाणी ऐकताना दोन्हींची पातळी लिहून ठेवा आणि इथे कळवा. तोवर फेरीबोटीतून उतरल्यावर बड कोरड्या रुमालाने पुसूनच केसमध्ये ठेवत जा.

पेडण्याचा_गणेश

ताईंचे वाचून मी माझी केस उघडून पाहिली. उजव्या पिनेवर हिरवट ठिपका दिसतो आहे, आवाज अजून दोन्हीकडे येतो. आत्ताच पुसावे की बिघडेपर्यंत थांबावे?

दुरुस्तीवाला_फोंडा

आत्ताच पुसा.